बिडी सोडली आणि खोकला वाढला

गेल्या चैत्रात मी बिडी बंद केली. अंबडजवळच्या गावात माझं किराणा दुकान आहे. वीसेक वर्षं सकाळी शटर वर केलं की आधी बिडी पेटायची, मग बोहनी व्हायची.

पहिला आठवडा तलफेचा गेला. चिडचिड व्हायची, झोप लागायची नाही. ते होणार हे ऐकून होतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र खोकला वाढला. बिडी ओढत होतो तेव्हासुद्धा एवढा नव्हता. सकाळी उठलो की बेसिनपाशी बराच वेळ जायचा. चिकट बेडके पडायचे, त्यात तपकिरी-काळपट धागे दिसायचे. ते पाहून मी घाबरलो, पण घरात बोललो नाही.

दुकानात बसणारे म्हणाले, "अंगाला सवय झालेली असते, एकदम सोडू नाही. एक ओढ, छाती मोकळी होईल." दाजींचंही तेच मत पडलं. दोन-तीनदा हात पुड्याकडे गेला, हे खरं आहे.

बायकोने हट्टाने ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी आधी थुंकी तपासायला सांगितली. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर कारण कोणतंही वाटो, टीबीची तपासणी करायचीच, असं त्या म्हणाल्या. दोन नमुने दिले, त्यातला एक सकाळी उठल्याबरोबरचा. पैसे लागले नाहीत. टीबी निघाला नाही. एक्स-रेही ठीक आला.

मग त्यांनी खोकल्याचं कारण सांगितलं. श्वासनळीच्या आतून सूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. शाळूच्या उभ्या रानावरून वाऱ्याची लाट जावी तसे ते हलतात, सेकंदाला दहा-बारा वेळा. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू त्यात अडकतात आणि हळूहळू घशाकडे ढकलले जातात. एरवी आपण ते नकळत गिळून टाकतो.

बिडीच्या धुराने हे केस सुस्त पडतात, आखूड होतात, जागोजागी झडतात. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कफ जास्त आणि तो वर ढकलणारं कोणी नाही. धूर थांबला की काही दिवसांत उरलेले केस जोर धरतात, आणि आतल्या अस्तराच्या पेशी नव्या होताना पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत नवे केस येतात. कफ मात्र लगेच कमी होत नाही. साचलेला कफ वर यायला लागतो, म्हणून खोकला वाढतो. सगळ्यांनाच असं होत नाही. काहींचा खोकला पहिल्यापासून कमी होतो.

मी विचारलं, "मग एक ओढली तर बरं वाटतं, ते का?" त्या म्हणाल्या, "धुराने केस पुन्हा सुस्त पडतात. कफ वर यायचा थांबतो. तो आतच राहतो." हे समजल्यावर पुड्याकडे हात गेला नाही.

खोकला दाबणारं औषध त्यांनी दिलं नाही. दिवसभर पाणी प्यायला सांगितलं आणि कफ काढायची एक पद्धत शिकवली. ताठ बसायचं, खोल श्वास घ्यायचा, थोडा थांबवायचा आणि तोंड उघडं ठेवून 'हाऽ' असा जोराने सोडायचा. तीन-चार वेळा केलं की बेडका सुटतो. खोकून खोकून बरगड्या दुखायच्या, ते यामुळे थांबलं.

ज्येष्ठ लागेपर्यंत काळपट रंग गेला, कफ पांढरा झाला. आषाढात खोकला सकाळपुरता राहिला. मिरची, तूर निवडताना धूळ उडाली की उबळ यायची. नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या न थांबता चढलो, तेव्हा खोकला जवळजवळ गेला होता. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेकांचा एक ते नऊ महिन्यांत असाच उतरतो.

सगळं भरून येत नाही, हेही सांगतो. फुंकायच्या यंत्रावर तपासणी केली, तेव्हा माझी हवा थोडी कमी भरली. वायुकोश फुटले असतील तर ते परत येत नाहीत. पण धूर थांबल्यावर पुढची घट मंदावते. मला दम्याचा पंप लागला नाही, काहींना लागतो.

सोडल्यावर खोकला आला तर महिनाभर धीर धरा, पण थुंकी तपासून घ्या. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, छातीत दुखणं किंवा बसल्या जागी दम लागणं, यातलं काही दिसलं तर तो बिडी सोडल्याचा खोकला समजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तलफ आवरत नसेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे. तिथे सोडायला मदत करतात.