सुगरणीची पसंती

चि. कुमुदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारा अर्धा खोपा वादळाने मोडला असावा, असा तुझा तर्क आहे. परंतु त्याची फांदीवरची गुंडाळण शाबूत असून खालची कड गोल विणलेली आहे, असे तूच लिहितेस, तेव्हा तो मोडलेला नसून नामंजूर झालेला असावा, असे मला वाटते.

सुगरण हे नाव आपण स्त्रीलिंगी ठेवले, तरी विणकाम सारे नराचे. पावसाळा लागून गवत उंच झाले, की पिवळ्या माथ्याचा तो पक्षी पात्याच्या कडेला चोच मारून उडतो, त्या झेपेसरशी लांब धांदोटी सोलून निघते, आणि अशा शेकडो खेपांतून आधी फांदीला देठ, मग कडे आणि त्यावर शिरस्त्राणासारखा घुमट तयार होतो. येथे तो थांबतो आणि खोप्याला लटकून, पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे हा सारा व्यवहार बारकाईने पाहून १९३१ साली प्रसिद्ध केला. मादी येते, आत शिरते, आडव्या पट्टीवर बसते, धागे ओढून पाहते. पसंत पडले तर खोप्याचा ताबा घेते, आणि मगच नर अंड्यांची खोली व खाली उतरणारी लांब नळी पुरी करतो. आतले अस्तर तेवढे मादी घालते. तो पुढे दुसरा खोपा विणावयास लागतो, आणि अंडी उबविण्याचा भार तिच्या एकटीवर पडतो.

म्हणूनच तिची तपासणी कडक असते. साप, सरडे आणि कावळे यांना अंडी हवीच असतात. काटेरी झाड, खाली पाणी, झुलते टोक आणि उलट्या तोंडाची नळी हा सगळा बंदोबस्त त्यांच्याविरुद्ध आहे. कौशल्याची परीक्षा विणीवर होत असेल, असे आपल्याला साहजिकच वाटते. पण अभ्यासकांना असे आढळले, की मादी विणीपेक्षा जागेला अधिक वजन देते. झाड कोणते, खोपा किती उंच, आधाराची फांदी कशी, हे ती आधी पाहते. नीट विचार केला तर हे योग्यच आहे: सैल वीण पुढे सुधारता येईल, पण एकदा गुंतवलेला देठ दुसऱ्या फांदीवर नेता येत नाही.

तुझा तो खोपा पाण्यापासून किती उंच आहे, आणि त्याच बाभळीवर नळ्या उतरलेले खोपे त्याच्या वर आहेत की खाली, एवढे पाहून उलट टपाली कळव. काठावर वाकू नकोस.

तुझा,
भाऊकाका