एक बैठक, तीन कागद

दिवाळीच्या तोंडावर अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या संपादकाच्या टेबलावर एकाच दिवशी काय काय येऊ शकते, याची कल्पना करा. कपाशीवरील किडींची पुस्तिका, भावाभावांतले शेतीचे वाटणीपत्र आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. तिन्ही उद्या छापायला हवेत. अशा वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे एकच नियमावली ठरवा आणि सगळीकडे लावा. मला हा सल्ला अर्धाच पटतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांपुरता तो ठीक आहे. साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम, 1972 च्या भरीसह, तिन्ही कागदांना सारखेच लागू पडतात. पण परिभाषा आणि आकडे यांची एकवाक्यता प्रत्येक कागदाची स्वतंत्र असते. एका बैठकीत खरा धोका असतो तो मघाच्या कागदाची सवय नकळत पुढच्या कागदात उतरण्याचा.

आकड्यांपासूनच पाहू. पुस्तिकेत क्षेत्र हेक्टरमध्ये आहे. कुठे 0.4, कुठे 0.40 असे आले, तर संपादक सगळीकडे एकच दशांश स्थळ ठेवतो आणि शेवटचे शून्य उडवतो. तिथे ते योग्यच. तोच हात वाटणीपत्राकडे वळला की घोटाळा होतो. सातबाऱ्याच्या ‘हे. आर’ रीतीत 0.40 म्हणजे शून्य हेक्टर चाळीस आर, साधारण एक एकर. शून्य उडवून 0.4 केले, तर वाचणारा ते चार आर असेही वाचू शकतो. म्हणजे जमीन दहापट आटली. गणिताच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, म्हणून ही चूक पुन्हा वाचतानाही डोळ्यांत भरत नाही. अशा कागदात आकडा मूळ सातबाऱ्याशी ताडून, अक्षरशः तसाच ठेवावा.

शब्दांचेही तसेच. स्मरणिकेतल्या लेखात एकच शब्द चार ओळींत तीनदा आला, तर चांगला संपादक त्यातला एखादा बदलतो. वाटणीपत्रात ‘हिस्सा’ एकदा ठरला की शेवटपर्यंत हिस्साच. मध्येच शोभेसाठी ‘वाटा’ आला, तर ही दुसरीच काही गोष्ट आहे का, असे विचारायला वकिलाला जागा मिळते. पुस्तिकेत नुसते ‘बोंडअळी’ लिहून भागत नाही, कारण गुलाबी, ठिपक्यांची आणि अमेरिकन या निरनिराळ्या अळ्या आहेत. शेतातले झाड ‘कपाशी’ आणि वेचून आणलेला माल ‘कापूस’, हा भेदही तिथे पाळावा लागतो. स्मरणिकेत मात्र एखाद्या माजी विद्यार्थ्याने ‘पऱ्हाटी’ लिहिले असेल, तर ती पऱ्हाटीच राहू द्यावी. तिला कपाशी करणे म्हणजे पुस्तिकेची शिस्त चुकीच्या घरात नेणे.

यावर कोणी म्हणेल, एवढी चिंता कशाला, संगणकाला शोधून बदलायला सांगा. मराठीत हा उपाय लंगडा पडतो. ‘कापूस’ शोधले तर ‘कापसाला’, ‘कापसाचा’ सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. नुसते ‘काप’ शोधावे तर कापड आणि कापणीही हाताला लागतात. त्याहून वाईट म्हणजे ‘पऱ्हाटी’तला अर्धा र दोन प्रकारे टंकलेला असू शकतो: कधी U+0931 हे अक्षर वापरून, कधी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडते, दुसरे निसटते. ‘ॲड.’मधल्या ॲ चेही तेच. म्हणून अक्षरांची ही एकवाक्यता आधी, तिन्ही कागदांत एकदमच करून घ्यावी. ते यांत्रिक काम आहे आणि तिथे सवय एका कागदातून दुसऱ्यात गेली तर फायदाच होतो. नंतर शोधताना शब्दाची सामान्यरूपेही वेगळी शोधावीत.

त्यापुढे मात्र कागद वेगळे करावेत. प्रत्येकासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरते: आकडे कसे, कोणते शब्द अचल, कोणते सैल. एवढ्या लहान कामाला चिठ्ठी कशाला, वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. स्मरणिकेपुरती ती मी मान्यही करतो. वाटणीपत्राला नाही. क्रमही त्याच हिशेबाने लावावा. कडक कागदाची सवय सैल कागदात गेली, तर लेख जरा कोरडा होतो. सैल कागदाची सवय कडक कागदात गेली, तर कुणाच्या तरी नावची जमीन घटते. म्हणून ताजे डोळे वाटणीपत्राला, मग पुस्तिका, शेवटी स्मरणिका. आणि छापायला देण्याआधी वाटणीपत्रातले फक्त आकडे पुन्हा एकदा, या वेळी दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घेऊन.