झोपेच्या डायरीतले आकडे

काकांनी आणलेली पहिली डायरी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली दिसत होती. सात रात्री रविवारी बसून आठवलेल्या. परत दिली. डायरी रोज सकाळी उठल्यावर भरायची, तीही अंदाजाने. पुढच्या खेपेला एक नोंद होती: 'जाग २.१७ला.' एवढी अचूक वेळ म्हणजे रात्री घड्याळाकडे डोळे लागलेले. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितलं.

*

आठवड्याची सरासरी अशी निघाली. दहाला आडवे होतात, साडेसहाला उठतात, म्हणजे अंथरुणात ५१० मिनिटं. डोळा लागायला ६०, मधल्या जागण्यात ७५, पहाटे जाग आल्यावर नुसतं पडून ४५. उरली झोप ३३० मिनिटं. ३३० भागिले ५१०, म्हणजे ६५ टक्के. एका रात्रीवरून काहीच ठरवायचं नाही. मंगळवारी साडेतीन तास आणि बुधवारी सात, असं होतंच.

*

स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेला नियम उलटा वाटतो: जेवढी झोप लागते, तेवढाच वेळ अंथरुणात. उठायची वेळ सहा, रविवारीसुद्धा. तिथून साडेपाच तास मागे मोजले की साडेबारा. काकू वैतागल्या, "अहो, आधीच झोप नाही, त्यात साडेबारापर्यंत जागवायचं?" जागवायचंच. झोपेची भूक साठू द्यायची आहे. झोप कितीही कमी भरली तरी पाच तासांखाली मात्र मी कुणाला नेत नाही.

*

हे सगळ्यांना लागू नाही. उन्मादाचे झटके येऊन गेलेले, फिट्स येणारे, रात्री गाडी चालवणारे यांच्यावर हा प्रयोग करत नाही. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी. काकांनाही पेंग येत असेपर्यंत स्कूटर बंद ठेवायला लावली.

*

पहिल्या आठवड्यात झोप उलट घटली, २९० मिनिटं. काका खट्टू झाले. पण ३३० पैकी २९० म्हणजे ८८ टक्के. कूस बदलत पडणं जवळजवळ संपलं होतं. ८५ ते ९० असेल तर वेळेला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात ३०५ मिनिटं, ९२ टक्के. नव्वदच्या वर गेलं की पंधरा मिनिटं बक्षीस: सव्वाबारा.

*

आणि मग घसरण. ३४५ पैकी २८५, ८३ टक्के. नियमाने पंधरा मिनिटं परत कापायला हवी होती. कापली नाहीत, कारण शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं: 'रात्री ८, बातम्या, डुलकी ४० मि.' आठवड्यात चार वेळा. आरामखुर्चीत साठवण संपत होती. सव्वाबारा तसंच ठेवलं. आता आठ वाजले की काकू त्यांना दळण आणायला पाठवतात.