निरोपाचे पत्र

निवृत्तीनंतर सुमारे अकरा वर्षे मी म्हापशाच्या एका वकिलांसाठी मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर करीत असे. पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, तरी आपल्याकडील पुष्कळ घरांतले जुने कागद मोडीतच राहिले. वाद उपस्थित झाला की ती बासने बाहेर निघत आणि हळर्णला माझ्या मेजावर येत. नोकरी नव्हे, पानामागे दर ठरलेला. यंदा डोळ्यांनी साथ सोडली आणि थांबण्याचे ठरविले.

पत्राचा पहिला मसुदा दोन पाने झाला. त्यात आभार होते, एकदा बिल चार महिने रखडले त्याची सल होती आणि शेवटी ‘केव्हाही हाक मारा’ असे होते. सौभाग्यवतीने वाचून विचारले, “हा निरोप की तक्रारअर्ज?” मी तो फाडला. ज्याचे पैसे मिळाले त्याची तक्रार निरोपात कशाला? आणि ‘केव्हाही’ या शब्दाला मुदत नाही, मर्यादा नाही. उद्या ऐंशी पानांचे बासन आले असते तर नकार देताना मीच खोटा ठरलो असतो.

दुसरे पत्र असे लिहिले:

“सप्रेम नमस्कार. ३१ मार्चनंतर मी नवे कागद घेणार नाही. शेवटच्या बासनातील २६ पानांचे लिप्यंतर सोबत आहे. मूळ कागद व झेरॉक्स प्रती परत करीत आहे, पोच द्यावी. अखेरचे बिल जोडले आहे, त्याखेरीज येणे नाही. संशयित वाचनांची यादी वेगळी दिली आहे. माझ्या आजवरच्या लिप्यंतरातील कोणत्याही शब्दाचा खुलासा मी विनामूल्य करीन. नवे काम दहा पानांपर्यंतचे व महिन्याच्या मुदतीचे असल्यास अवश्य विचारावे. दर तेव्हा ठरवू. इतक्या वर्षांच्या विश्वासाबद्दल ऋणी आहे.”

यातील संशयित वाचनांची यादी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळीत नाहीत. त्यामुळे ‘शेतसोडूनदिले’ ही अक्षरे ‘शेत सोडून दिले’ अशी वाचावीत की ‘शेत सोडू न दिले’ अशी, हे अक्षरांवरून ठरत नाही. आणि कुळाचा हक्क तेवढ्या फटीत अडकलेला असतो. आपण निघून गेल्यावर मागच्या माणसाला ती फट दिसली पाहिजे.

जूनमध्ये वकीलसाहेबांचा फोन आला, तो नेमका त्याच ओळीसाठी. मी म्हापशाला गेलो. मूळ कागदात चार ओळी खाली, पुढील सालचा खंड त्याच कुळाकडून पावल्याची नोंद होती. म्हणजे शेत सोडू दिले नव्हते. माझ्या लिप्यंतरात मी पहिले वाचन वर घेतले होते. ते त्यांच्यासमोर खोडून खाली सही केली.

त्या दिवसाचे बिल अर्थातच केले नाही. निघताना त्यांनी सहा पानांचे एक वाटणीपत्र पुढे केले. मुदत विचारून मी ते घेतले.