जाळीचे रबर ओढताना

पावसाळा सुरू झाला की आमच्या पेठ वडगावात घरोघरी तापाची चौकशी सुरू होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. म्हणून नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. आमच्या घरी अम्मी दिवसभर खिडकीपाशी खाटेवर पडून असतात, आणि नेमकी त्याच खिडकीची जाळी मांजराने खालच्या कोपऱ्यात फाडली होती. चिकटपट्टी दोन दिवस टिकली. मग आम्ही दोघांनी ठरवले, जाळी नवी बसवायची.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत जाळी कशाने धरलेली असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रेमच्या चारही बाजूंना एक अरुंद खाच असते. जाळीची कड त्या खाचेत घालून वरून रबराची गोल दोरी दाबलेली असते. खिळा नाही, गोंद नाही. ते रबर निघाले की जाळी आपोआप मोकळी होते. त्यामुळे आधी जाळी ओरबाडून काढू नये. तिचे तुकडे रबराखाली अडकून राहतात आणि मग ते उकरत बसावे लागते.

आमच्या ओळखीचे एक अॅल्युमिनियमचे कारागीर आहेत. त्यांनी दारातूनच सांगितले, "गुरुजी, रबर वर उपटू नका. खाचेच्या रेषेत, आडवं, हळू ओढा." सगळे कसब या एका वाक्यात आहे. सरळ वर ओढले की सगळा ताण एकाच जागी येतो आणि जुने रबर तुटते. आडवे ओढले की ते थोडे ताणून बारीक होते आणि खाचेतून सुटत येते.

फ्रेम वर उचलून, खालची बाजू आपल्याकडे घेत रुळातून काढली आणि जुन्या चादरीवर रबराची बाजू वर करून ठेवली. रबराचा जोड बहुधा एखाद्या कोपऱ्यात सापडतो. तिथे बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक रबराखाली सरकवून बोटभर तुकडा उचलला आणि पकडीने धरला. स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या काठावर टेकवून जोर देऊ नये. अॅल्युमिनियम मऊ असते. काठाला धार आली तर तीच धार पुढे नवी जाळी कापते.

आमची फ्रेम चार फूट उंच आणि दोन फूट रुंद. उभी बाजू एका दमात निघाली. खालच्या दोन फुटांत मात्र रबर तीनदा तुटले. ऊन, पाऊस आणि धूळ तिथेच साचते. तिथले रबर कडक झाले होते, वाकवले की पांढऱ्या भेगा दिसत. अशा वेळी कापड गरम पाण्यात भिजवून, पिळून, वीतभर भागावर मिनिटभर दाबून धरावे. रबर मऊ पडते. मग पुढची वीत. कडक तुकडे उडतात, म्हणून चेहरा जरा बाजूला ठेवावा. फायबरच्या जुन्या जाळीचे धागे हाताला टोचतात, तेव्हा ती गुंडाळून लगेच बाहेर टाकावी.

निघालेले रबर पुन्हा वापरायचे का? वाकवून भेगा दिसल्या, किंवा कोपऱ्यात जोडाच्या जागी फट पडलेली दिसली, तर ते आकसले आहे असे समजावे. तसे रबर नवी जाळी धरत नाही. नवे रबर आणताना जुन्याचा बोटभर तुकडा दुकानात न्यावा. पण जुना तुकडा दबून चपटा झालेला असतो, म्हणून शक्य तर दोन जाडीचे थोडे थोडे नमुने घरी आणून बघावे. जाळीसकट खाचेत घालताना अंगठ्याने अर्धेच जावे आणि रोलरने पूर्ण बसावे, ती जाडी योग्य. अंगठ्याने सहज आत गेले तर जाळी पुढे निसटते. लांबीचा हिशेब सोपा: चार, दोन, चार, दोन मिळून बारा फूट. आम्ही तेरा फूट घेतले.

बसवण्याआधी खाच जुन्या टूथब्रशने नीट साफ केली. आत धूळ, जाळीचे धागे आणि मुंग्यांची माती होती. एवढासा खडा राहिला तरी नवे रबर त्या जागी वर येते. जाळीही फार ताणून बसवायची नाही. लांब बाजू आत वाकल्या, तर फ्रेम आणि चौकट यांच्यात फट पडते आणि डास तिथून येतात.

खिडकीत फ्रेम परत बसवून आम्ही तिच्या कडेने बोट फिरवले. कुठे उजेडाची रेघ दिसली नाही. त्या दुपारी अम्मींची खिडकी उघडी राहिली.