ओटीपी येणार नाही

आपल्या पोरापोरींच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे असतो? मेहकर, लोणार, चिखली या तालुक्यांत मी हा प्रश्न गेली काही वर्षं विचारतो आहे. उत्तर बहुतेक एकच येतं, "सेंटरवाल्याजवळ हाय." म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पोरीची, जातीचा दाखला पोरीचा, बँकखातं पोरीचं आणि किल्ली मात्र दुकानातल्या एका वहीत. त्या वहीतले निम्मे पासवर्ड म्हणजे पोराचं नाव आणि पुढे @123. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा तर पुन्हा त्याच दुकानाची पायरी.

म्हणून रविवारी अभ्यासिकेत आम्ही पोरांच्या फोनवर पासवर्ड मॅनेजर बसवून द्यायला लागलो. बिटवॉर्डन घेतलं, कारण ते फुकट आहे आणि त्यात कितीही पासवर्ड ठेवता येतात. काम तसं सोपं. पण ॲपची भाषा इंग्रजी, कारण पोरांचे फोनच इंग्रजीत असतात. फोन मराठीत करा म्हटलं की ती हसतात. यूट्यूबवरचा सांगणारा "सेटिंग्ज"मध्ये जा म्हणतो, तिथे "सेटिंग्ज" असायला हवं ना, हे त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे.

खरी अडचण शब्दांच्या अर्थाची नाही, सवयीची आहे. खातं उघडताना मास्टर पासवर्डच्या रकान्याखाली बारीक अक्षरात सूचना येते की हा पासवर्ड विसरलात तर तो `cannot be recovered`. बारावी झालेल्या पोरीला हे वाचता येतं. अर्थ विचारला तर "परत मिळत नाही" असंही ती सांगते. आणि लगेच म्हणते, "पण भाऊ, फरगॉट दाबलं का ओटीपी येईनच ना?" तिचं काय चुकलं? आजवर तिने पाहिलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर तसंच झालं आहे. इंग्रजी सूचना म्हणजे न वाचता पुढे सरकवायची गोष्ट, हे तिला अनुभवानेच शिकवलं आहे.

इथे मात्र ओटीपी येणार नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर खातं सरकारच्या सर्व्हरवर असतं, म्हणून ओळख पटली की ते नवा पासवर्ड लावू देतात. पासवर्ड मॅनेजरमध्ये तिजोरी कुलूपबंद होऊनच कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि कुलपाची किल्ली त्या मास्टर पासवर्डमधूनच फोनवर तयार होते. कंपनीकडे ती नसतेच, तर देणार काय? मी पोरांना सांगतो, पेटी बँकेच्या लॉकरात आहे, पण बँकेजवळ दुसरी चावी नाही.

मग पोरं मास्टर पासवर्ड काय ठेवतात? किमान १२ अक्षरं लागतात. आपल्या वस्तीतल्या पोराच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते `JaiBhim` आणि पुढे 14 एप्रिल 1891 नाहीतर 14 ऑक्टोबर 1956. खाली ताकद दाखवणारी पट्टी असते, ती अशा वेळी भाबडेपणाने खूश होऊ शकते. ती पट्टी इंग्रजी शब्द, परदेशी नावं, फुटलेले पासवर्ड आणि तारखा ओळखते. आपल्या जिल्ह्यात कोण काय म्हणून हाक मारतो, हे तिला ठाऊक नसतं. पण वहीवाल्याला ठाऊक असतं, आणि रूमवरच्या दोस्तालाही. `Weak` आलं तर ऐकावंच, पण `Strong` आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. हृदयातलं नाव किल्ली करायचं नाही, एवढं आम्ही स्पष्ट सांगतो.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे मराठी शब्द रोमन लिपीत घ्यावेत. यातही एक खोड आहे. रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंग नाही. ज्वारी `jwari` की `jvari`? विहीर `vihir` की `vihira`? आज एक लिहाल, चार महिन्यांनी दुसरं. म्हणून शब्द निवडला की कागदावर अक्षर न अक्षर लिहायचं आणि तो कागद घरच्या पेटीत, जातीच्या दाखल्याच्या फाईलमध्ये ठेवायचा. कागदावर लिहू नये असं शहाणे लोक सांगतात. पण आपल्या पोरांना धोका रशियातल्या हॅकरपेक्षा विसरण्याचा जास्त आहे.

विसरायला लावतं बोट. ॲप रोज अंगठ्याने उघडतं, मास्टर पासवर्ड कोणी टाकतच नाही. चिखली तालुक्यातल्या एका पोराने आठ महिन्यांनी नवा फोन घेतला. नव्या फोनवर अंगठा चालेना, मास्टर पासवर्डच लागतो, आणि तो आठवेना. जुना फोन त्याने अजून विकला नव्हता, हे नशीब. आम्ही त्याला आधी बजावलं की जुन्या फोनवर `Log out` दाबू नको. तिथे अंगठ्याने तिजोरी उघडत होती, पण सगळं एकदम बाहेर काढायला पुन्हा मास्टर पासवर्डच मागत होती. मग सातही पासवर्ड एकेक उघडून हाताने वहीत उतरवले, जुनं खातं ईमेलवरून मिटवलं आणि त्याच ईमेलवर नवं उघडलं. दोन तास गेले. जुना फोन विकला असता तर पोर्टलनिहाय ओटीपी मागत फिरावं लागलं असतं, आणि पहिल्या वर्षी नोंदवलेला मोबाईल नंबर अनेकदा सेंटरवाल्याचाच असतो.

जतन करण्याची गोष्ट थोडक्यात. सेंटरच्या कॉम्प्युटरवर क्रोम `Save password?` विचारतं. पोरांना वाटतं अर्ज सेव्ह करायचा आहे, आणि `Save` दाबतात. पासवर्ड दुकानाच्या क्रोममध्ये गेला. तिथे `Never` दाबायचं. आधी दाबलं गेलं असेल तर त्या कॉम्प्युटरच्या पत्त्याच्या पट्टीत `chrome://password-manager/passwords` टाकून आपलं नाव शोधायचं, नोंद पुसायची आणि पोर्टलवरचा पासवर्ड घरी येऊन बदलायचा. बदलल्यावर आपल्या फोनवर जुन्या नोंदीत नवा भरायला विचारलं तर हो म्हणायचं, नाहीतर ॲप दर वेळी जुनाच पासवर्ड भरत राहील.

आपोआप भरण्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं गप्प बसणं. नोंद `mahadbt.maharashtra.gov.in` ची असेल आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या "शिष्यवृत्ती मंजूर" लिंकवर तसंच हुबेहूब पान उघडलं, तर ॲप पासवर्ड सुचवत नाही. आपण रंग आणि बोधचिन्ह पाहतो, ते फक्त पत्ता पाहतं. लोणारकडच्या एका पोरीने असंच विचारलं, "भाऊ, आज हे भरून काऊन नाही देऊन राह्यलं?" पत्ता पाहिला तर शेवटी `gov.in` नव्हतंच. तिने पासवर्ड हाताने टाकला नव्हता.

पण गप्प बसणं म्हणजे दर वेळी फसवणूकच असंही नाही. हेच पोर्टल पूर्वी `mahadbtmahait.gov.in` या पत्त्यावर होतं. पत्ता बदलला की जुनी नोंद असणाऱ्याचं ॲप खऱ्या पानावरही मुकं राहतं. तेव्हा लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाकायचा, शेवट `gov.in` आहे का पाहायचं आणि खात्री झाली की जुन्या नोंदीत नवा पत्ता जोडायचा. येत्या रविवारी आम्ही अभ्यासिकेत प्रत्येकाकडून एवढंच करून घेणार आहोत: ॲप बंद करून अंगठ्याऐवजी मास्टर पासवर्ड टाकून उघडायचं. ज्यांना उघडता येणार नाही, त्यांनी वही आणि पेन सोबत आणावा.