सोनं, ठेव आणि मधली वर्षं

“सोनं सात वर्षांत चौपट झालं, म्हणजे वर्षाला त्रेचाळीस टक्के!” २०२५ च्या दिवाळीपासून हे वाक्य मी निदान तीन-चार जणांकडून ऐकलं. त्यातला एक माझा पुतण्या. त्याने ते ऐकवलं आपल्या आईला, म्हणजे माझ्या वहिनींना. त्यांची एक मुदत ठेव संपत आली आहे, ती मोडून (खरं तर ती आपोआपच सुटणार आहे, पण आपल्याकडे ‘मोडणं’ हाच शब्द) सोनं घ्यावं असा त्याचा आग्रह. वहिनींनी मला फोन केला, “भाऊजी, हे त्रेचाळीस टक्के खरे का?”

मंडळी, चौपट खरं आहे, त्रेचाळीस खरे नाहीत. २०१८ च्या दिवाळीत दहा ग्रॅम शुद्ध सोनं साधारण ३२,००० रुपयांना होतं, २०२५ च्या दिवाळीत १,२८,००० च्या आसपास. वाढ तीनशे टक्के, तिला सातने भागलं की त्रेचाळीस येतात. पण असा भागाकार सरळव्याजात चालतो. इथे दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या वाढलेल्या किमतीवर झालेली असते, म्हणून चक्रवाढीचा दर काढायचा. शेवटच्या किमतीला सुरुवातीच्या किमतीने भागायचं, जितकी वर्षं तितकावं मूळ काढायचं आणि त्यातून एक वजा करायचा. सातवं मूळ हातानं काढण्याचे दिवस गेले. संगणकावरच्या तक्त्यात एका चौकटीत एवढं लिहिलं की झालं:

```
=(128000/32000)^(1/7)-1
```

उत्तर येतं ०.२१९, म्हणजे जवळपास बावीस टक्के. चौपट म्हणजे दोनदा दामदुप्पट, दर साडेतीन वर्षांनी एकदा. बहात्तरला साडेतीनने भागलं तर साडेवीस येतात. दर मोठा असला की ही तोंडी रीत जरा कमी सांगते, पण उत्तर बावीसच्या जवळ आहे की त्रेचाळीसच्या, एवढं तिच्यावरून नक्की कळतं.

बावीस टक्केही काही कमी नाहीत, असं पुतण्या म्हणाला. बरोबर आहे. पण मग मी त्याला विचारलं, २०१८ च का? सुरुवात सहा वर्षं मागे नेऊ. २०१२ च्या दिवाळीत दहा ग्रॅमचा भाव ३१,५०० च्या आसपास होता. म्हणजे २०१२ ते २०१८ या सहा वर्षांत सोनं जेमतेम पाचशे रुपयांनी वाढलं. दर निघतो वर्षाला पाव टक्का! मधे २०१५ ची दिवाळी येऊन गेली, तेव्हा भाव २६,००० पर्यंत उतरला होता. पुतण्याची सात वर्षं नेमकी या लांबलचक झोपेच्या शेवटी सुरू होतात. त्यात लबाडी नाही, त्याने आपला पहिला पगार २०१८ साली घेतला म्हणून त्याला ते वर्ष आठवतं, इतकंच.

आता याच वाटेवर ठेव चालवून पाहू. २०१२ साली लांब मुदतीला साडेआठ टक्के मिळत. बँक दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवते, त्यामुळे साडेआठचे वर्षाला पावणेनऊ पडतात. तुलना करताना हा पाव टक्का विसरायचा नाही, कारण सोन्याचा जो दर आपण काढतो तो वर्षाचा असतो. दिवाळी २०१२ ला ३१,५०० रुपये सहा वर्षांसाठी ठेवले तर २०१८ ला साधारण ५२,२०० झाले. तेव्हा सोनं ३२,०००. मात्र ठेव पुन्हा ठेवताना साडेआठ मिळाले नाहीत, दर खाली आले होते. पावणेसात धरू. आणखी सहा वर्षांनी, २०२४ च्या दिवाळीत, त्याचे ७८,००० झाले.

आणि २०२४ च्या दिवाळीत दहा ग्रॅम सोनं होतं ७९,००० च्या घरात.

हा आकडा मी दोनदा तपासला. बारा वर्षं चालून दोघे एकाच दारात उभे! सोन्याचा दर निघतो आठ टक्के. नंतरच्या एकाच वर्षात ठेव ७८,००० वरून साडेत्र्याऐंशी हजारांवर गेली आणि सोनं १,२८,००० वर. तेरा वर्षांचा सोन्याचा दर झाला ११.४ टक्के. बारा वर्षांचा हिशेब एका वर्षाने आठवरून साडेअकराजवळ नेला. म्हणून सोन्याने इतके टक्के दिले असं कोणी सांगितलं की आधी विचारावं, शेवटचं वर्ष कुठलं?

हे काही आजचंच नाही. १९८० साली जगभर सोन्याचा भडका उडाला होता. त्या वर्षीचा आपल्याकडचा सरासरी भाव दहा ग्रॅमला १,३३० च्या आसपास, २००० सालचा ४,४००. वीस वर्षांत सव्वासहा टक्केसुद्धा नाहीत. दहा टक्क्यांच्या ठेवीने (त्या काळी लांब मुदतीला हे सहज मिळत) तेच १,३३० रुपये साडेनऊ हजारांच्या वर गेले असते. डॉलरमध्ये तर या वीस वर्षांत सोनं निम्म्याहून खाली आलं होतं. आपल्याकडे ते वाढलेलं दिसलं, कारण डॉलर आठ रुपयांवरून पंचेचाळीसवर गेला. नंतर २००२ ते २०१२ मध्ये तेच सोनं पाच हजारांवरून साडेएकतीस हजारांवर गेलं, वर्षाला वीस टक्के.

घरातल्या जुन्या पावत्या काढून हा हिशेब करणाऱ्यांना एक सांगतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा बोलण्यातला तोळा दहाचा. तो बदल धरला नाही तर उत्तर चुकतं. आणि दागिना असेल तर पावतीवरची पूर्ण रक्कम धरायची, नुसता भाव नाही. शंभराच्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ आणि वर तीन टक्के जीएसटी म्हणजे चक्क ११५ रुपये जातात, आणि विकताना घडणावळ कोणी परत देत नाही. पुतण्याचे बावीस टक्के अशाने साडेएकोणीसच्या खाली येतात, घट वेगळी. मुदत जितकी छोटी तितका हा खर्च जास्त बोचतो. उलट बाजूही सांगायला हवी. ठेवीच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो, सोन्यावर विकताना. मोठा कर भरणाऱ्याची ठेव वर दाखवली तितकी फुगत नाही. वहिनींना कर बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी तो धरला नाही.

वहिनींचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या ठेवीच्या व्याजावर त्यांचं औषध आणि कामवाल्या बाईंचा पगार चालतो. सोनं दर महिन्याला काही देत नाही, तुकडा मोडावा लागतो, आणि तो कुठल्या वर्षी मोडावा लागेल ते आपल्या हातात नसतं. २०१२ ला घेऊन २०१५ ला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी विकावं लागलं असतं, तर ३१,५०० चे २६,००० आले असते. ठेवीचे साडेचाळीस हजार झाले असते.

पुतण्या शेवटी म्हणाला, “काका, मग पुढे काय होईल ते सांगा.” ते मला सांगता येत नाही, पण उलटा हिशेब करता येतो. २०२५ च्या दिवाळीत १,२८,००० रुपये साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर जवळपास २,४४,००० होतात. म्हणजे २०३५ च्या दिवाळीत दहा ग्रॅमचा भाव २,४४,००० च्या वर असेल तरच सोनं जिंकलं. दागिना घेतला असेल तर घडणावळ आणि जीएसटी धरून २,८१,००० च्या वर. वहिनींनी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि मुलाला म्हणाल्या, “तुझ्या पगारातून घे की सोनं, तुझ्याकडे दहा वर्षं आहेत.”